पगार महिनाभर लांबला तेव्हा : जळगावातल्या एका घराचं प्रकरण

नावं बदलली आहेत. आकडे त्या घराच्या वहीतले आहेत आणि त्यांच्या परवानगीनं देतो आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ओळखीतले लोक घरच्या हिशोबाच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येतात. हे प्रकरण जून 2024 चं. त्यात जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, तो पुढे येईलच.

पार्श्वभूमी

प्रकाश जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. कामगार दीडशेच्या आत. हातात पगार 31,500 रुपये. बायको मनीषा घरी शिवणकाम करते. एरवी महिन्याला तीन-साडेतीन हजार मिळतात, जूनमध्ये शाळेच्या गणवेशांमुळे जवळपास दुप्पट. दोन मुली, एक नववीत आणि एक पाचवीत. पिंप्राळ्याकडे लहानसा फ्लॅट, त्यावर गृहकर्ज. प्रकाशचे वडील पारोळा तालुक्यात गावी असतात. तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस. त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि पेरणीचा खर्च प्रकाशकडे.

घर उधळं नव्हतं. व्यसन नाही, चैन नाही. पण पगार 7 तारखेला येतो हे इतकं गृहीत धरलेलं की सगळे हप्ते 10 ते 18 तारखेच्या दरम्यान लावून ठेवलेले. शिल्लक म्हणून वेगळं काही नव्हतं. मनीषाचं थोडं सोनं होतं आणि एक भिशी चालू होती.

अडचण

5 जूनला कारखान्याच्या फलकावर कागद लागला : मोठ्या ग्राहकाकडे रक्कम अडकली आहे, मे महिन्याचा पगार जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात होईल. त्याच रात्री प्रकाश आणि मनीषा माझ्याकडे आले. प्रकाश म्हणाला, "काका, तीस हजार कुठून तरी उभे करायचे आहेत. एक जण शेकडा पाचनं द्यायला तयार आहे."

मी म्हटलं, तीस हजार हा आकडा कुठून आला ते आधी बघू.

बँकेत 9,400, घरात रोख 2,100, आणि शिवणकामाचे महिनाभरात 6,000 येतील असा मनीषाचा अंदाज. मिळून 17,500.

द्यायचे होते ते असे. 10 तारखेला घराचा हप्ता 9,800. 12 ला एलआयसीचा तिमाही हप्ता 3,600. 14 ला भिशीचे 2,000. 15 ला फ्रिजचा हप्ता 1,650 आणि त्याच दिवशी शाळा उघडणार म्हणून दोघींची फी 8,000, वह्या-पुस्तकं 3,200, व्हॅनचे 1,400. 18 ला वीजबिल 2,350, मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालल्यामुळे फुगलेलं. किराणा दुकानाचं मागचं खातं 4,800, दूध 1,800, गॅस 800, वडिलांची औषधं 1,300, पेट्रोल 1,500. आणि गावाकडचं बियाणं, खत, पेरणीची मजुरी मिळून 6,000. बेरीज 48,200. तूट 30,700. प्रकाशचा तीस हजारांचा अंदाज बरोबर होता.

त्याची चूक आकड्यात नव्हती. सगळी देणी या महिन्यातच, पूर्णच द्यायची असं धरून तो निघाला होता.

देण्यांचा क्रम

प्रकाशनं स्वतः लावलेला क्रम रकमेप्रमाणे होता : घर, फी, किराणा, आणि सर्वांत खाली बियाणं, कारण "आबा काय, समजून घेतील." मी त्याला प्रत्येक देण्यापुढे एकच गोष्ट लिहायला सांगितली : हे तीस दिवस उशिरा दिलं तर काय बिघडतं, आणि बिघडलेलं किती पैशांत दुरुस्त होतं?

हे लिहायला लागल्यावर यादी उलटीपालटी झाली. औषधं आणि दूध वर गेलं, त्यात वाद नव्हता. पण त्यांच्या लगेच खाली बियाणं आलं. पाऊस कोणाच्या पगारासाठी थांबत नाही. जमिनीत पुरेशी ओल झाली की कापूस पेरायचा तो आठवड्या-दीड आठवड्याचा खेळ. उशिरा पेरलं की उत्पन्न घटतं, आणि ते नुकसान जुलैत पगार आला तरी भरून निघत नाही. उधारीत बियाणं मिळतं, पण मग पाकीट पसंतीचं मिळेल याची खात्री नाही, आणि काही ठिकाणी कापूस त्याच माणसाला घालायची अट येते. त्या वर्षी बीटी कापसाच्या पाकिटाचा ठरलेला दर 864 रुपये होता. रोखीनं चार पाकिटं आणि डीएपीची एक गोणी पाच हजारांच्या आत बसत होती, उरलेली मजुरी. आबांना फोन लावला तेव्हा ते अहिराणीत एवढंच बोलले, "पेरनीना टाइम निंघी गया ते मंग पैसा काय कामना?" प्रकाश गप्प झाला.

घराचा हप्ता त्यानंतर. एक हप्ता चुकला म्हणून बँक घर घेत नाही, ही भीती अनाठायी असते. पण हप्ता परत गेला की आपली बँक दंड लावते, कर्ज देणारी संस्था वेगळा लावते, उशिराची नोंद पतइतिहासात जाते, आणि पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम उभे राहतात. 9,800 चे 19,600 झाले की तीस हजारांच्या पगारात ते बसत नाहीत. म्हणून तो वेळेवर.

भिशीचे 2,000 सुद्धा वेळेवर. तिथे कागद नसतो, शब्द असतो. मनीषा ठामपणे म्हणाली, "ते नाही चुकवायचे." ते बरोबर होतं, आणि पुढे ते किती कामाला आलं ते दिसेल.

आता लांबवता येण्यासारखी देणी. वीजबिल 18 नंतर भरलं तर महावितरण सव्वा टक्का विलंब आकार लावते, म्हणजे 2,350 वर 29 रुपये. वीज तोडण्याआधी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 18 जूनचं बिल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भरण्यात 29 रुपयांपलीकडे धोका नव्हता. एलआयसीच्या तिमाही हप्त्याला एक महिन्याची सवलत असते आणि त्या काळात विमा चालू राहतो. ते 12 जुलैपर्यंत नेता येत होतं, एक पैसाही जास्त न देता.

फीसाठी प्रकाश शाळेत जायला तयार नव्हता. मनीषा गेली. मुख्याध्यापिकांना लेखी अर्ज दिला, सोबत कारखान्याकडून घेतलेलं पत्र जोडलं की मे महिन्याचा पगार लांबला आहे. ते पत्र मागायची कल्पना तिचीच होती आणि ती मला फार मोलाची वाटते. "अडचण आहे" असं तोंडी सांगणारे शंभर असतात, शिक्का मारलेलं पत्र दाखवणारा एखादा. 3,000 आता आणि 5,000 15 जुलैपर्यंत असं ठरलं. पुस्तकं गल्लीतल्या मोठ्या मुलींकडून घेतली, वह्यांसह काम 1,400 त झालं. किराणा दुकानदारानं मागच्या खात्यातले 2,000 घेऊन 2,800 पुढे ढकलले. प्रकाशनं मित्राच्या गाडीवर पाळीपाळीनं जायचं ठरवलं, पेट्रोलचे 600 वाचले.

एवढ्यानं तूट 30,700 वरून 14,550 वर आली.

मधल्या काळाची सोय : कोणते पर्याय होते

आता पंधरा हजार उभे करायचे होते, तीस नव्हे. यानं फरक पडतो, कारण पंधरा हजारांना चांगले दरवाजे उघडे असतात.

शेकडा पाच म्हणजे पंधरा हजारांवर महिन्याला 750, आणि मुद्दल तसंच. तो माणूस परवानाधारक सावकार नव्हता आणि सही केलेला कोरा चेक मागत होता. तो पर्याय तिथेच संपला. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपवर प्रकाशनं माहिती भरायला घेतली होती. शुल्क आधीच कापून रक्कम कमी हातात येणार, परतफेड पूर्ण रकमेची, तीही थोड्याच दिवसांत, आणि फोनमधले सगळे नंबर त्यांच्या हाती. तेही बंद केलं. पीएफचा विचार झाला, पण पगार मिळाला नाही म्हणून अग्रिम मिळायला त्या वेळच्या नियमात दोन महिने किंवा जास्त पगार थकलेला असावा लागत होता.

खरे पर्याय दोनच उरले.

पहिला, सोनेतारण. मनीषाची पोत बँकेत ठेवली असती तर पंधरा हजार सहज मिळाले असते. व्याज वर्षाला साधारण नऊ टक्के धरलं तर महिन्याला 113 रुपये, वर मूल्यांकनाचं थोडं शुल्क. मुदत वर्षाची, मधे केव्हाही फेडता येतं. मनीषाला ते नको होतं. तिच्या माहेरी एकदा सोनं गहाण गेलं ते परत आलंच नाही, व्याज थकत गेलं आणि लिलाव झाला. जळगावसारख्या सोन्याच्या गावात लग्नकार्यात पोत न घालता जाणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरा, मनीषाचा भाऊ. चोपड्याकडे त्याची केळी आहे. तो म्हणाला, "दाजी, पंधरा हजार देतो, व्याजबिज काही नाही. पण 8 जुलैला मला पाहिजेतच, केळीला खत द्यायचं आहे."

बिनव्याजी पैसा समोर असताना व्याजाचा कोण घेणार? आम्ही भावाचे घ्यायचे ठरवले. मीही मान डोलावली. जुलैत मे आणि जूनचे दोन पगार येतील, सगळं एका झटक्यात फिटेल, असं मी वहीत स्वतःच्या हातानं मांडलं.

प्रत्यक्षात काय घडलं

10 जूनला घराचा हप्ता वेळेवर गेला. 11 ला भावाचे 15,000 प्रकाशच्या खात्यात आले. 13 ला बियाणं-खताचे 6,000 गावी गेले, मग शाळेचे 3,000 आणि भिशीचे 2,000.

15 तारखेला फ्रिजचा हप्ता परत गेला.

खात्यात दोन-अडीच हजार तरी जास्त असायला हवे होते. पासबुक छापून आणलं तेव्हा कळलं : 12 तारखेला एलआयसीचे 3,600 आपोआप कापले गेले होते. प्रकाशनं दोन वर्षांपूर्वी नॅच, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायचं संमतिपत्र, भरून दिलं होतं आणि विसरला होता. मेसेज आला होता, पण कामाच्या वेळी फोन लॉकरमध्ये असतो आणि संध्याकाळी तो जाहिरातींच्या मेसेजखाली दबला. आम्ही वहीत एलआयसी शेवटून दुसऱ्या ओळीत ठेवली होती. बँकेच्या यंत्राला आमची वही ठाऊक नव्हती. त्यानं तारखेप्रमाणे कापलं.

बँकेनं हप्ता परत गेल्याचे 295 घेतले, फ्रिजचं कर्ज देणाऱ्या कंपनीनं 590. 1,650 च्या हप्त्यामागे 885 रुपये दंड. जो हप्ता एक महिना फुकट लांबवता येत होता तो वेळेवर गेला, आणि जो चुकवायचा नव्हता तो चुकला.

मी बँकेत इतकी वर्षं काढलेला माणूस. क्रम लावायच्या आधी "या खात्यातून काय काय आपोआप जातं?" हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तेव्हा 5 तारीख होती, 12 ला आठवडा होता. शाखेत लेखी अर्ज देऊन तो एक हप्ता थांबवण्याची विनंती करायला तेवढे दिवस सहसा पुरतात, पण आदल्या दिवशी जाऊन चालत नाही. यूपीआयवरचा ऑटोपे असेल तर ॲपमध्येच थांबवता येतो. नॅचसाठी मात्र सहसा बँकेकडेच विनंती करावी लागते. खातं रिकामं ठेवून हप्ता "टाळणं" हा उपाय नाही, त्याला दंडच लागतो.

एलआयसीचे 3,600 आणि दंडाचे 885 मिळून 4,485 च्या खड्ड्याची भरपाई अशी झाली : किराणा दुकानदाराचे कबूल केलेले 2,000 दिले नाहीत, दूधवाल्याला अर्धेच दिले, मनीषानं रात्री बारापर्यंत बसून गणवेश जास्त शिवले आणि 1,200 जास्त आणले, बाकी थोडं हाताशी होतं. फ्रिजचा हप्ता 18 ला भरला. दुकानदाराला दिलेला शब्द मोडला याचं मनीषाला दंडापेक्षा जास्त वाईट वाटलं.

जुलै

9 जुलैला मे महिन्याचा पगार आला. एकच. जूनचा ऑगस्टमध्ये मिळेल असा नवा कागद लागला. कारखान्याची गाडी एक महिना मागे सरकली होती आणि तिथेच चालणार होती.

पगार "एक महिना लांबतो" तेव्हा दोन गोष्टी होऊ शकतात. एक, अडकलेली रक्कम सुटते आणि दोन पगार एकत्र मिळतात. दोन, प्रत्येक पगार इथून पुढे महिनाभर उशिरा येतो. दुसऱ्या प्रकारात तो हुकलेला महिना परत मिळतच नाही, निदान लवकर नाही. आणि मालकाकडे पैशाची ओढ असेल तर दुसराच प्रकार जास्त संभवतो, कारण त्यालाही दोन पगार एकदम काढायला ताकद लागते. आम्ही पहिल्या प्रकारावर हिशोब मांडला होता.

जुलैचा नेहमीचा खर्च 27,350. जूनमधून ढकललेलं 13,080. भावाचे 15,000. बेरीज 55,430, आणि हातात पगार व शिवणकाम मिळून 35,000. पुन्हा वीस हजारांची तूट.

प्रकाशनं 8 तारखेला मेहुण्याचा फोन उचलला नाही. 9 लाही नाही, 10 लाही नाही. लाज वाटली हे मी समजू शकतो. पण तिकडे तो खताच्या दुकानात शब्द देऊन बसला होता. त्याला 7 तारखेलाच कळलं असतं तर त्यानं दुसरी सोय केली असती.

घराला सावरलं ते भिशीनं. बारा बायकांची, महिना दोन हजारांची, फेब्रुवारीत सुरू झालेली. चिठ्ठी निघते, पण कोणाची गरज असेल तर सगळ्यांच्या संमतीनं नंबर देतात. 14 जूनच्या बैठकीत मनीषानं विचारलं होतं. जूनचा नंबर एकीला मुलीच्या प्रवेशासाठी कबूल झालेला होता, म्हणून तिला जुलैचा दिला. हे तिनं आम्हा दोघांना न सांगता केलं होतं. 14 जुलैला 24,000 हातात आले. त्याच संध्याकाळी भावाचे 15,000 गेले, सहा दिवस उशिरा. दुसऱ्या दिवशी फीचे 5,000. किराणा, दूध, वीजबिल फिटून साडेतीन हजार उरले.

भिशीतल्या या रकमेचा हिशोब नीट पाहण्यासारखा आहे. सहा हप्त्यांचे 12,000 तिचे स्वतःचेच होते, बाकीचे 12,000 म्हणजे बिनव्याजी उसने. आणि ते फेडायला सहा महिने, तेही अशा हप्त्यानं जो घरखर्चात आधीपासून बसलेला होता. भावाच्या पैशालाही व्याज नव्हतं, पण तो एका तारखेला एकरकमी परत मागणारा पैसा होता. व्याजाकडे पाहताना मुदतीकडे आमचं लक्षच गेलं नाही.

किंमत नव्हती असं नाही. ते 24,000 पिको-फॉलच्या मशीनसाठी होते.

निष्पत्ती

जून, जुलै आणि ऑगस्टचे पगार एकेक महिना उशिरानेच आले. दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरच्या शेवटी, सप्टेंबरचा थकलेला पगार बोनसबरोबर मिळाला आणि गाडी पुन्हा वेळेवर आली. घराचा एकही हप्ता चुकला नाही. सावकार किंवा ॲपकडे जावं लागलं नाही. जादा गेले ते 885 दंडाचे आणि 29 विजेचे. कापूस वेळेवर पेरला गेला.

मेहुणा रक्षाबंधनाला आला, पण प्रकाशशी पहिल्यासारखा बोलला नाही. दिवाळीनंतर प्रकाश स्वतः चोपड्याला जाऊन आला.

वेगळं काय करता आलं असतं

आज तेच प्रकरण समोर आलं तर मी 5 जूनलाच दोन हिशोब मांडीन : जुलैत दोन पगार आले तर, आणि एकच आला तर. दुसऱ्या हिशोबात भावाची 8 जुलैची तारीख पहिल्याच नजरेत अशक्य दिसली असती. मग एक तर त्याला सुरुवातीलाच "तीन हप्त्यांत देतो" म्हटलं असतं, किंवा मनीषाची तयारी असती तर पंधरा हजारांचं सोनेतारण घेतलं असतं. तीन महिन्यांचं व्याज साडेतीनशेच्या आत. नात्यातल्या त्या तीन न उचललेल्या फोनांपेक्षा ते स्वस्त होतं असं माझं मत आहे. मनीषाचं अजूनही नाही, आणि सोनं तिचं आहे.

कारखान्याकडून पत्र घेताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता : जूनचा पगार कधी? ऑफिसमधल्या माणसाला ते बहुधा ठाऊक होतं. कायदेशीर बाजूही होती. मजुरीचा कायदा हजाराहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी 7 तारखेच्या आत पगार द्या म्हणत होता, पण तेव्हा तो महिना 24,000 पर्यंतच्या पगारालाच लागू होता. प्रकाश त्याच्या वर, त्याच्या हाताखालचे बरेच जण आत. त्यांनी मिळून कामगार आयुक्त कार्यालयात जायचं की नाही यावर चर्चा झाली, आणि कारखाना बुडेल या भीतीनं कोणी गेलं नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाल्यावर ही पगाराची मर्यादा राहिलेली नाही.

प्रकाशनं आता घर आणि फ्रिजच्या हप्त्यांसाठी वेगळं खातं ठेवलं आहे. त्यात दोन हप्त्यांइतके पैसे कायम पडून असतात आणि त्याचं कार्ड मनीषाकडे असतं. एलआयसीचं नॅच रद्द केलं, हप्ता हातानं भरतात. भिशी जानेवारीत संपली, फेब्रुवारीत नवी सुरू झाली. या वेळी मनीषानं पहिलाच नंबर मागून घेतला आणि मशीन आणलं.